‘१०० टक्के बायबॅक’ कशावर?

धनत्रयोदशीच्या जाहिरातींत सोन्याच्या नाण्यावर ‘शुद्धतेची हमी, १०० टक्के बायबॅक’ असे ठळक छापतात. हे १०० टक्के तुम्ही मोजलेल्या रकमेचे नसून परत देण्याच्या दिवशीच्या सोन्याच्या भावाचे असतात. समजा, भाव ग्रॅमला १२,००० रुपये आहे. एक ग्रॅमच्या नाण्यावर घडणावळ ५ टक्के, म्हणजे ६०० आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी ३७८, असे १२,९७८ रुपये होतात. भाव तसाच राहिला तरी हाती १२,०००च येतील; २ टक्के घट कापली तर ११,७६०. नाणे जितके लहान, तितकी ग्रॅममागे घडणावळ जास्त.

सराफ बाजारातल्या पेढ्यांनी जाहिरातीतच चार गोष्टी छापाव्यात: नाणे ९९५ शुद्धतेचे की ९९९, घट किती, परतावा रोख की फक्त दागिन्याच्या बदल्यात आणि सीलबंद पाकीट फोडले तर काय. पाकीट फोडलेले नाणे पुन्हा तपासावे लागते, तिथेच वाद होतात. बँका तर नाणे विकतात, परत घेत नाहीत.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना मोडीचाच भाव मिळतो. तिथे ‘बायबॅक’ हा शब्द न वापरलेलाच बरा.

– एक वाचक, नाशिक