‘दुरित’ म्हणजे दूरचे नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळेत उपसर्ग आणि प्रत्यय व्याकरणाच्या तासाला शिकवले जातात. ‘आहार, विहार, प्रहार, संहार’ ही यादी पाठ झाली की झाले. कवितेच्या तासाला मात्र आम्ही शिक्षक फळ्यावर शब्दार्थ लिहून मोकळे होतो. या दोन तासांची गाठ कधी पडतच नाही, याची मला फार खंत वाटते.

परवा नववीच्या वर्गात पसायदानातल्या ‘दुरितांचे तिमिर जावो’ या ओळीचा अर्थ विचारला. परिपाठाला नेहमी ती म्हणणारी एक मुलगी उत्तरली, ‘‘दूरवरचा अंधार जावो.’’ मी अर्थ सांगितला नाही. फळ्यावर दुर्जन, दुर्गुण, दुराचार असे शब्द लिहिले. ‘दुर्’ म्हणजे वाईट, हे मुलांनीच ओळखले. ‘दूर’मधला ऊ दीर्घ असतो आणि इथे ह्रस्व आहे, हेही एकाने दाखवले. ‘दुर्’ हाताने झाकला की उरतो ‘इत’. मग शेजारी कृ–कृत, मृ–मृत या जोड्या मांडल्या. धातूला ‘त’ लागला की क्रिया होऊन गेलेली असते. ‘इ’ हा संस्कृतातला जाणे या अर्थाचा धातू, म्हणून इत म्हणजे गेलेला. दुरित म्हणजे वाईट वाटेने गेलेले, म्हणजेच पाप. एवढे हाती आल्यावर अतीत (अति + इत, पलीकडे गेलेला) आणि विपरीत (वि + परि + इत, उलट गेलेला) हे शब्द मुलांनी आपले आपण सोडवले. ‘प्रेत’ म्हणजे पुढे निघून गेलेला, हे उमगले तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला.

फोड चुकतेही. ‘अनुपस्थित’ म्हटले की बरीच मुले अनु + पस्थित अशी फोड करतात. उरलेला तुकडा दुसऱ्या कोणत्याच शब्दात भेटत नसेल, तर फोड चुकली असे समजायला मी सांगते. अन् + उपस्थित केले की शब्द लगेच जुळतो. ‘लिखित’मध्येही शेवटी इत दिसतो, पण तिथे धातू ‘लिख्’ आहे, जाण्याचा काही संबंध नाही. आणि ‘पसाय’ हे तर ‘प्रसाद’चे झिजलेले रूप. त्यातला ‘प्र’ मुलांना शोधून सापडणार नाही, तो शिक्षकानेच सांगावा लागतो. म्हणूनच फोडीतून निघालेला अर्थ शेवटी ओळीत बसवून पाहायचाच, असा आमच्या वर्गाचा नियम आहे.

माझी मागणी साधी आहे. कृतिपत्रिकेत उपसर्गघटित शब्द नुसते ओळखायला लावू नयेत. न शिकवलेल्या कवितेची एक ओळ द्यावी, तिच्यातल्या एका अवघड शब्दाची फोड करायला सांगावी आणि त्यावरून त्या ओळीचा अर्थ लिहून घ्यावा. त्याला दोन गुण ठेवले, तरी वर्गातले शिकवणे बदलेल.

– एक मराठी शिक्षिका, सातारा