सोमवारच्या मिटिंगमधली तुझी ओळख

पुणे,
गुरुवार रात्र

प्रिय अव्या,

तुझा मसुदा मिळाला. मोबाईलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचला, पावणेतीन मिनिटं लागली. अरे, अर्ध्या तासाची मिटिंग आणि दहा माणसं. सगळ्यांनी एवढा वेळ घेतला तर कामाचं बोलायला दोन-तीन मिनिटं उरतील. नव्या माणसाला कोणी थांबवत नाही, पण मॅनेजर "ग्रेट, ग्रेट" म्हणायला लागला आणि समोरच्यांनी लॅपटॉप उघडले की समजायचं. चाळीस-पंचेचाळीस सेकंद, त्याच्या वर जाऊ नकोस.

मसुद्यात चूक काहीच नाही. जन्म गडहिंग्लजचा, बी.एस्सी. कोल्हापुरात, मग डेअरी, मग प्रमोशन, मग आवड वाचन आणि ट्रेकिंगची. पण हे सगळं तुझ्या बायोडाटात आहे आणि तो वाचूनच त्यांनी तुला घेतलाय. मिटिंगमधल्या लोकांना फार तर तीन गोष्टी हव्या असतात: तुला हाक काय मारायची, तू इथे नेमकं काय करणार, आणि त्यांचं तुझ्याशी काय काम पडेल. दर महिन्याला कोणीतरी नवीन माणूस आमच्या टीमसमोर उभा राहतो, म्हणून खात्रीने सांगतो. "वाचनाची आवड" ऐकून आजवर कोणी कोणाला चहाला बोलावलेलं मी पाहिलं नाही.

आता नावाचं. नाव ही लक्षात राहायला सगळ्यात अवघड गोष्ट आहे. 1987 साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि प्रत्येकाचं आडनाव आणि धंदा सांगायचा. काही शब्द त्यांनी मुद्दाम असे घेतले की ते आडनावही होऊ शकतात आणि धंदाही, जसा बेकर. शब्द तोच, पण धंदा म्हणून सांगितला तर लोकांना आठवायचा, आडनाव म्हणून सांगितला तर निसटायचा. आपल्याकडे सुतार आडनावाच्या माणसाचं तेच होतं. सुतारकाम करणारा म्हटलं की रंधा, भुसा, कानामागची पेन्सिल सगळं डोळ्यांसमोर येतं. नुसतं आडनाव सुतार, तर काहीच येत नाही. म्हणून नाव दोनदा घे, एकदा सुरुवातीला आणि एकदा अगदी शेवटी, आणि मधे असं काहीतरी ठेव जे डोळ्यांसमोर उभं राहील.

ते तुझ्याकडे आहे आणि तू मसुद्यात टाकलंच नाहीस. "गुणवत्ता नियंत्रण विभागात विविध चाचण्यांचा अनुभव" असं लिहिलंयस. त्यापेक्षा मागे मला त्या निळ्या दुधाबद्दल सांगितलं होतंस ते आठव. परीक्षानळीत दहा मिली कच्चं दूध, त्यात एक मिली मिथिलीन ब्लू, नळी सदतीस अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि निळा रंग किती वेळात उडतो ते बघत राहायचं. लवकर उडाला तर जिवाणू जास्त, तासन्‌तास टिकला तर दूध चांगलं. मी कॉमर्सचा माणूस, मला आजही ते लक्षात आहे. तुझी पदवी कुठल्या साली झाली ते मात्र आठवत नाही, आणि मी शाळेत तुझ्या वर्गात होतो!

तेव्हा असं काहीसं बोल. मी मराठीत लिहितो, तू तुझ्या इंग्रजीत आण:

"नमस्कार, मी अविनाश. गडहिंग्लजचा. आतापर्यंत एका डेअरीच्या लॅबमध्ये होतो. रोज पहाटे कच्च्या दुधात निळा रंग घालायचा आणि तो किती वेळात उडतो यावरून दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, हे माझं काम. इथे मी येणाऱ्या कच्च्या मालाची तपासणी बघणार आहे. या आठवड्यात मला खरेदी आणि गोदाम या दोन्हीकडच्या लोकांशी बसायचंय. मीच तुमच्याकडे येईन, तुमच्या सोयीची वेळ तेवढी सांगा. आणि दूध का फाटलं, दही का लागत नाही, असं काही असेल तर मला जरूर विचारा, घरचं असलं तरी चालेल. अविनाश."

शेवटचं घरच्या दह्याचं वाक्य काढू नकोस. बाकी सगळं तुझ्याविषयी आहे, ते एकच त्यांच्याविषयी आहे. शिवाय त्यामुळे चहाच्या वेळी तुझ्याशी बोलायला कोणालाही निमित्त मिळतं. दुपारपर्यंत कोणी दह्याचं विचारत आलं तर ओळख पोचली असं समज. गोदामाबद्दल बोलताना मात्र "तुमच्याकडची पद्धत सुधारायला आलोय" असा सूर लागू देऊ नकोस. पहिल्याच दिवशी त्या लोकांशी वाकडं झालं तर सॅम्पल वेळेवर मिळणार नाही, हे तुला मी सांगायला नको.

डेअरीतला पाणी घातलेल्या दुधाचा किस्सा रंगतदार आहे, कबूल. पण तो सोमवारी नको. जुन्या जागेची उणीदुणी काढणारा माणूस उद्या आपलीही काढेल, असंच ऐकणाऱ्याच्या मनात येतं. तसंच "मी जरा अबोल आहे, सांभाळून घ्या" हे वाक्य खोड. पुढचे सहा महिने ते तुला अबोलच समजतील.

बंगळुरात आहेस तर पहिलं वाक्य कन्नडमध्ये टाकायला हरकत नाही. "नन्न हेसरु अविनाश" एवढंच, आणि लगेच इंग्रजीवर ये. गडहिंग्लजच्या बाजारात तू जेवढं कन्नड बोलतोस त्याच्या जोरावर चार वाक्यं झाडलीस, तर समोरचा सुसाट सुटेल आणि तू नुसता मान डोलवत बसशील.

एक गोष्ट तुझ्या हातात नाही, पण माहीत असलेली बरी. माल्कम ब्रेनर नावाच्या संशोधकाने 1973 मध्ये दाखवलं की गोल बसून पाळीपाळीने बोलताना, आपल्या पाळीच्या अगदी आधी जे बोललं गेलं ते माणसाला फारसं आठवत नाही. डोकं स्वतःच्या वाक्यांत अडकलेलं असतं. म्हणजे तुझ्यानंतर ज्याची पाळी आहे तो तुझं ऐकणारच नाही. त्याला मिटिंगनंतर गाठून पुन्हा नाव सांग, त्यात कमीपणा काही नाही. आणि तुझ्या आधीच्या दोघांची नावं तुझ्याही डोक्यात राहणार नाहीत. त्यासाठी वहीत टेबलाचा चौकोन काढ आणि जो जिथे बसलाय तिथे त्याचं नाव आणि काम लिहीत जा. पाठ फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य कर. मधलं तुझं रोजचं काम आहे, ते आपोआप येईल. अख्खं पाठ केलंस तर शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा सूर लागतो, आणि तुझा तो सूर मी ऐकलेला आहे.

हो, आणि मॅनेजर स्क्रीनवरून जोडला जाणार म्हणालास. मग आधी तिथे तुझं नाव काय दिसतं ते बघून घे. मागच्या वेळी आपण बोललो तेव्हा तुझ्या लॅपटॉपवर चिन्मयचं नाव येत होतं आणि पुढे कार्टूनचा फोटो.

रविवारी रात्री नऊनंतर फोन कर आणि एकदा म्हणून दाखव. मी घड्याळ लावून बसतो. वहिनींना आणि चिन्मयला सांगावा. खोलीचं काय झालं, जेवणाची सोय लागली का, तेही तेव्हाच बोलू.

तुझा,
नंद्या