पैठणीचे फोटो : जर आणि रंग

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

"फोटोत लाल दिसली, हातात जांभळी आली" म्हणून साडी परत आल्याचं तू लिहिलंस. निळा ताणा आणि लाल बाणा असलेल्या धूपछाव पैठणीत हे होणारच. एका कोनातून लाल धागा जास्त दिसतो, दुसऱ्यातून निळा. त्यामुळे एका फोटोने भागत नाही. त्याच घडीचे दोन फोटो घे, एक सरळ वरून आणि एक बाजूने. खाली ताण्या-बाण्याचे रंग शब्दांत लिही.

खरी अडचण मात्र जरीची आहे. जर आरशासारखी वागते, समोर जे असेल तेच दाखवते. मोबाईलचा फ्लॅश मारला की पांढरे ठिपके पडतात, वर अंधारं छत असेल तर सोनं काळपट दिसतं. म्हणून फ्लॅश आणि ट्यूबलाइट दोन्ही बंद ठेव. उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल लाव. आपल्याकडचं ऊन कडक, ते थेट पडत असेल तर खिडकीला पांढरी मलमल बांध. मांजरपाट नको, त्याच्या पिवळसर छटेने सगळ्याच साड्या पिवळ्या पडतील. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरं थर्माकोल उभं कर, नाहीतर रंगवलेली भिंत जरीत उतरते.

आता पदर एका फळीवर पसर आणि फळीची खिडकीपासून लांबची कड वीसेक सेंटिमीटर उचल. मग पदर चतकोर फिरवून बघ. पदरात जर आडव्या धाग्यात असते, म्हणून उजेड त्या धाग्याला काटकोनात आला की ती एकदम उजळते. हा फरक डोळ्यालाच कळतो, तिथेच थांब. फळी तिरकी असल्याने चौकट वाकडी आली तर फोटो कापताना सरळ कर.

मोबाईल स्टँडवर लाव, प्रो मोडमध्ये ISO 100 आणि व्हाइट बॅलन्स 5500K च्या आसपास पक्का कर. ऑटोवर ठेवलंस तर प्रत्येक फोटोत साडीचा रंग बदलेल. दोन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. एक्स्पोजर -0.3 ते -0.7 ठेव आणि फोटो मोठा करून जर पाहा. धागे वेगळे दिसायला हवेत. नुसता पांढरा पट्टा दिसला तर आणखी कमी कर.

खाली फिकट राखाडी, चकाकी नसलेला कागद घाल. काळ्या कापडावर ऑटो एक्स्पोजर फोटो उजळवतो आणि जर पांढरीफटक पडते, शुभ्र कागदावर साडी काळवंडते. लाल-हिरवं कापड तर नकोच, त्याचा रंग जरीवर चढतो. फुलं, समई, दागिने काहीही ठेवू नकोस, गिऱ्हाइकाला वीण बघायची असते.

शेवटचा फोटो उलट्या बाजूचा घे. हातमागाच्या पैठणीत मोर आणि आसावली मागूनही तशीच दिसतात, मागे लोंबते धागे नसतात. नक्षीचा एक कोपरा दुमडून सुलट आणि उलट बाजू एकाच फोटोत आली तर गिऱ्हाईक तो मोठा करून पाहतंच.

तुझा,
प्रकाश