दुरुस्तीच्या कामाच्या तपासणीबाबत समितीला पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय : इमारत दुरुस्तीच्या कामाची तपासणी, आढळलेले दोष आणि मिरगाआधी घ्यायचे निर्णय

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्चच्या सभेत दुरुस्तीचं काम तपासून अहवाल द्यायचं तुम्ही माझ्यावर सोपवलंत. बांधकाम खात्यात उभी हयात मोजमाप पुस्तिका तपासण्यात गेली, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. रविवारच्या बैठकीत सगळे जण चहा घेता घेता पानं उलटतील आणि चर्चा रंगापाशी अडकेल, अशी मला भीती आहे. म्हणून मुद्दे आधीच लिहून पाठवतो.

क्रम लावताना मी एकच प्रश्न विचारला : हा दोष तसाच राहिला तर काय होईल? किती पैसे अडकलेत आणि किती सभासदांनी तक्रार केली, हे त्यानंतर पाहिलं. आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त जिन्याच्या रंगाच्या आहेत, पण माझ्या यादीत रंग सगळ्यात खाली आहे. प्रत्येक दोषाजवळ पुरावा कसला, हेही लिहिलं आहे : डोळ्यांनी पाहिलेलं, की हिशेबावरून निघणारं. दोष भारी आणि पुरावा कच्चा असं होऊ शकतं. तशा वेळी आधी पुरावा पक्का करायचा, लगेच ठेकेदाराच्या नावाने शंख करायचा नाही. जे निव्वळ कानावर आलं, मग ते कमिशनचं असो वा कुणाच्या मेहुण्याचं, ते अहवालात घेतलेलं नाही.

सगळ्यात वर पार्किंगचे खांब आहेत. दुरुस्त केले म्हणून बिल निघालेले खांब नऊ. मी नऊही खांब खालपासून डोक्याच्या उंचीपर्यंत हातोडीने वीतभर अंतरावर ठोकून पाहिले. पाच खणखणीत वाजतात. समुद्राकडच्या बाजूचे चार भद्द वाजतात, म्हणजे नवा थर आतल्या काँक्रीटला धरून नाही. त्यातले दोन खांब सचिव आणि ठेकेदाराचा सुपरवायझर या दोघांसमोर फूटभर लांबीत उघडले. वरचा पॉलिमर मॉर्टरचा थर छिन्नीच्या दोन ठोक्यांत पाटीसारखा सुटून आला. खाली सळई तशीच तांबडी, गंजाचे पापुद्रे बोटाने निघत होते. सळईच्या मागचं जुनं काँक्रीट फोडलेलंच नव्हतं. निविदेत मात्र सळई मोकळी होईपर्यंत मागे बोटभर फोडून, घासून, गंजरोधक लेप देऊन मग भरायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे.

गंज घासून सळई व्हर्निअरने मोजली. मूळ १६ मिलिमीटरची सळई सगळ्यात बारीक जागी १३.५ भरली. अडीच मिलिमीटर ऐकायला थोडं वाटतं, पण ताकद व्यासावर नसते, क्षेत्रफळावर असते. १६ चा वर्ग २५६, १३.५ चा १८२. म्हणजे त्या जागी सळईचं सुमारे २९ टक्के लोखंड गेलं आहे. अशा ठिकाणी जोडसळई घालायची बाब अंदाजपत्रकात होती. बिलात तिचं मोजमाप शून्य आहे. सळई झिजलीच नव्हती म्हणून शून्य, की कुणी उघडून पाहिलंच नाही म्हणून शून्य, हे त्या दोन झरोक्यांसमोर उभं राहिलं की कळतं.

सुपरवायझरचं म्हणणंही इथे नोंदवतो. त्याने उघड्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारून दाखवलं, काँक्रीट गुलाबी झालं आणि तो म्हणाला, “बघा, आतलं काँक्रीट चांगलं आहे.” गुलाबी रंगाचा अर्थ एवढाच, की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्या काँक्रीटचा अल्कधर्मी गुण संपवलेला नाही. घाटावरच्या इमारतीत एवढ्याने बरंच समाधान होतं. आपल्याकडे खारा वारा आहे. मिठातले क्लोराइड गुलाबी काँक्रीटमधूनही सळईपर्यंत जातात आणि तिथे गंज सुरू करतात. त्यामुळे आपल्या इमारतीत ती चाचणी पास होणं पुरेसं नाही. वेगवेगळ्या खोलीवर ड्रिल मारून भुकटी काढायची आणि प्रयोगशाळेत क्लोराइड मोजून घ्यायचं, हा तपास इथे लागतो. तो झालेला नाही.

सळईवरचं आवरण त्या दोन्ही जागी २२ ते २५ मिलिमीटर भरलं. आयएस ४५६ ही २००० सालची संहिता किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ४५ मागते. आपली इमारत १९९८ ची, तेव्हा त्या संहितेचं माप लावून मूळ बिल्डरला बोल लावणं बरोबर नाही. पण आवरण एवढं कमी असताना वरवर थापलेला मॉर्टर किती दिवस तग धरेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

या दोन खांबांबाबत शंका नाही, ते आपण डोळ्यांनी पाहिलं. उरलेले दोन भद्द वाजणारे खांब उघडलेले नाहीत, त्यामुळे तिथे आत काय आहे ते मला माहीत नाही. समितीने याच आठवड्यात चारही खांबांच्या दोन्ही बाजूंना, तुळईखाली, लोखंडी प्रॉप लावून घ्यावेत आणि तिथल्या गाड्या हलवाव्यात. मग स्ट्रक्चरल सल्लागाराने चारही खांब उघडून पाहावेत आणि जिथे सळई झिजली आहे तिथे जोडसळई व मायक्रोकाँक्रीटचं जॅकेटिंग सुचवावं. एका वेळी एकच खांब फोडायचा. लवकर आटपावं म्हणून चारही खांब एकदम उघडू देऊ नका. फुकट करून देतो म्हणून ठेकेदार पुन्हा तोच मॉर्टर थापायला आला, तर त्याला हात लावू देऊ नका.

दुसरा दोष याच्याशीच जोडलेला आहे, पण त्याचा पुरावा वेगळ्या जातीचा. पॉलिमर मॉर्टरचं बिल एकूण १९०० चौरस फुटांचं, सरासरी जाडी एक इंच. म्हणजे सुमारे १५८ घनफूट मॉर्टर. ५० किलो सिमेंटच्या एका गोणीला तिप्पट वाळू मिसळली की साधारण साडेतीन घनफूट मॉर्टर होतो, म्हणून गोण्या लागतात ४५. करारात पॉलिमरचं प्रमाण सिमेंटच्या १५ टक्के, गोणीला साडेसात किलो. एकूण ३४० किलोच्या आसपास पॉलिमर लागायला हवं होतं. आपल्या गेटच्या वहीत २० किलोचे सहा कॅन आल्याची नोंद आहे, म्हणजे १२० किलो. गरजेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढे.

हा हिशेब पाहून माझंही डोकं तापलं होतं, हे कबूल करतो. पण ठेकेदार म्हणतो की काही कॅन आधीच्या साइटवरून टेम्पोत आले आणि वॉचमनने लिहिले नाहीत. आपल्या वॉचमनच्या वहीत आंब्याच्या पेट्याही निम्म्याच लागतात, तेव्हा हे अगदीच अशक्य नाही. म्हणून हा दोष मी ‘हिशेबावरून’ याच वर्गात ठेवला आहे. उपाय सोपा : चांगल्या वाजणाऱ्या भागांत पाच-सहा जागा सल्लागाराने निवडाव्यात, ठेकेदाराने नव्हे, आणि तिथे पुल-ऑफ चाचणी करून थर किती जोराने धरून आहे ते मोजावं. खरेदीची मूळ बिलं ठेकेदाराकडून लेखी मागवावीत. चाचणीत थर टिकला तर हा मुद्दा निकालात काढू, मीच तसं लिहून देईन.

गच्चीचा मुद्दा आज गंभीर नाही, जूनमध्ये होईल. वॉटरप्रूफिंगचे ९० टक्के पैसे दिले गेले, पण पाणी साठवून तपासणी केल्याची नोंद कुठेच नाही. डोळ्यांना काम बरं दिसतं, कठड्याच्या वाट्याही नीट गोल काढल्या आहेत. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा गावात गच्चीची परीक्षा डोळ्यांनी घेत नाहीत. २४०० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे ११ हजार लिटर. मे महिन्यात एवढं पाणी मागितलं तर सभासद मला गच्चीवरूनच ढकलतील. त्यापेक्षा मधोमध मातीचा बांध घालून आधी एका अर्ध्यात तीन दिवस पाणी ठेवावं, मग तेच पंपाने दुसऱ्या अर्ध्यात घ्यावं. पहिल्या संध्याकाळी आणि तिसऱ्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या चारही घरांत स्लॅबचे फोटो काढावेत. २५ मेच्या आत हे व्हायला हवं. पहिली सर आली की गळती नव्या कामाची की जुन्या भेगेची, हा वाद कुणालाच सोडवता येणार नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. तिसरं आणि चौथं चालू बिल सल्लागाराच्या सहीशिवाय दिलं गेलं. पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. दिवाळीच्या गडबडीत ‘नंतर सही घेऊ’ म्हणून चेक निघाला, असं खजिनदारांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. पण त्या दोन बिलांतच हे खांब आहेत. गिलावा व्हायच्या आधी उघड्या सळया पाहून सही करणारा माणूस तिथे असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. अंतिम बिलाचे तीन लाख दहा हजार आणि राखून ठेवलेले एक लाख वीस हजार आपल्या हातात आहेत. वरच्या तपासण्या होईपर्यंत त्यातला रुपयाही सोडू नये, असा ठराव रविवारीच करावा.

जिन्याचा रंग तीन ठिकाणी सोलला आहे. पावसाळ्यानंतर, भिंती सुकल्यावर करून घ्यावा.

बैठकीला सल्लागार आणि ठेकेदार दोघांनाही बोलवा, पण खांबांचा निर्णय त्यांच्या उत्तराची वाट न बघता घ्या, कारण प्रॉप लावायला कुणाची कबुली लागत नाही. फोटो तारखेसकट कार्यालयातल्या कपाटात ठेवले आहेत. खांबावरून सुटलेला मॉर्टरचा तुकडाही तिथेच बिस्किटांच्या डब्यात आहे. त्याची आतली बाजू पाहा, सळईच्या गंजाचा ठसा जसाच्या तसा उमटला आहे.

एक विनंती. उघडलेले दोन झरोके सल्लागार पाहून जाईपर्यंत बुजवू नयेत. काल संध्याकाळी सुपरवायझर सिमेंटची पाटी घेऊन आला होता, मी त्याला परत पाठवलं.

आपला,
एक सभासद
सदनिका क्र. २०३