रात्री अकरापर्यंतचे दुकान: दोन तासांचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मद्यविक्रीसारखे काही अपवाद वगळता राज्यातली दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतात, असे सरकारने स्पष्ट केल्यापासून आमच्या बाजारपेठेत एकच चर्चा आहे: सगळ्यांनी नऊऐवजी अकराला बंद करावे. मी हा प्रयोग चार आठवडे करून पाहिला. त्याचा हिशेब इतर दुकानदारांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

माझे किराणा दुकान सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९ उघडे असते. दोन मुले कामाला आहेत, पगार प्रत्येकी १५,००० रुपये. आठ तास, २६ दिवस म्हणजे २०८ तास. तासाला साधारण ७२ रुपये पडतात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर सांगितला आहे. माझ्यासारख्या दोन माणसांच्या दुकानाला त्या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी लागू होत नाहीत, तरी मी दुप्पटच दिला. दिवसभर पोती उचललेल्या मुलाला रात्री अकरापर्यंत उभे करायचे आणि दर तोच द्यायचा, हे मला पटत नाही. दोघांचे दोन-दोन तास, महिन्याचे १०४ तास, १४४ रुपयांनी १५,००० झाले. वीज आणि मुलांचा चहा-नाश्ता मिळून आणखी १,५००. एकूण १६,५००.

आता विक्री किती हवी? इथे बहुतेक जण चुकतात. गल्ल्यात आलेले १६,५०० पुरत नाहीत, तेवढा नफा सुटायला हवा. माझ्या दुकानात सरासरी शंभराला बारा रुपये सुटतात. पण रात्री डाळ-तांदूळ, तेलाचे डबे कोणी नेत नाही. दूध, पाव, अंडी, बिस्किटे, डासांच्या कॉइल हाच माल जातो, आणि दुधात फारच थोडे सुटते. त्या दोन तासांत मला शंभराला दहाच पडले. म्हणजे महिन्याला १,६५,००० ची, रोज सुमारे ६,३५० रुपयांची जादा विक्री हवी.

प्रत्यक्षात नऊ ते अकरा रोज सरासरी ६,२०० आले. पहिले दोन आठवडे मी खुशीत होतो, थोडक्यातच राहिले म्हणून. मग वही उघडली. मी दर अर्ध्या तासाची विक्री लिहीत होतो. आधीच्या चार आठवड्यांशी ताडून पाहिले तर सात ते नऊची विक्री रोज २,४०० नी उतरली होती. उधारीची नावे पाहिल्यावर उलगडा झाला: पावणेनऊला धावत येणारी तीच गिऱ्हाइके आता जेवून, सावकाश साडेनऊला येत होती. खरी नवी विक्री ३,८०० च, तिच्यातून सुटले ३८० आणि रोजचा खर्च ६३५.

मग वाटले, एकच मूल थांबवावे आणि गल्ल्यावर मी बसावे. खर्च निम्म्याने कमी होतो, महिन्याला ८,२५०. नफा येतो ९,८८०. उरले १,६३०, म्हणजे माझ्या ५२ तासांचे तासाला ३१ रुपये. त्याच तासाला शेजारी उभ्या मुलाला मी १४४ देतो. मालकाचा वेळ फुकट धरला की कुठलाही हिशेब जुळतो, आणि घरी ताट झाकून वाट पाहणाऱ्यांचा तर कोणत्याच वहीत रकाना नसतो.

वहीने आणखी एक दाखवले. ६,२०० पैकी ४,७०० नऊ ते दहामध्येच येत. दहानंतरच्या तासाला १,५०० ची विक्री, सुटणार १५०, आणि एका मुलासह त्या तासाचा खर्च जवळपास १६०. म्हणून अकराचा विचार सोडला. सध्या आम्ही दहाला शटर ओढतो; मुले आठवड्याआड पाळीने थांबतात.

बाजारपेठेने सरसकट ठराव करण्याआधी एका गोष्टीचा विचार व्हावा, अशी आमच्या व्यापारी बांधवांना कळकळीची विनंती आहे. माझी ती ३,८०० ची नवी विक्री आली कुठून? आजूबाजूची दुकाने नऊला बंद होत होती, त्यांचे गिऱ्हाईक माझ्याकडे वळले. उद्या सगळेच अकरापर्यंत उघडे राहिले तर ते आपापल्या दुकानात परत जाईल. गावात दुधाच्या पिशव्या आज खपतात तेवढ्याच खपतील आणि जादा पगार मात्र प्रत्येकाच्या गल्ल्यातून जाईल. रेल्वे स्थानक, एसटी स्टँड किंवा मोठ्या रुग्णालयासमोरच्या दुकानांचे गणित वेगळे असेल. बाकीच्यांनी आधी चार आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाची वही ठेवावी, आणि हे सणासुदीचे दिवस सोडून करावे. दिवाळीच्या तोंडावर कोणतीही वेळ फायद्याचीच दिसते.

आपला विश्वासू,
एक किराणा दुकानदार, सातारा