सूचना : भूगोलाच्या सरांना द्यायची पत्रं

नमस्कार मंडळी,
सर या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. शाल-श्रीफळ होईलच, पण प्रत्येकाने एक पत्रही द्यायचं ठरलंय. "आपण थोर आहात" छापाचं नको. लक्षात राहिलेला एक तास लिहा. नमुन्यासाठी माझ्या पत्रातला भाग देते :

"सर, २१ मार्चला तुम्ही आम्हाला मैदानात नेलंत. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. घड्याळात बारा वाजताच आम्ही सावली मोजली : ३५ सेंटीमीटर. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त मोजत राहायला सांगितलंत. सावली आखूडच होत गेली. साडेबारानंतर तीन-चार मिनिटांनी ती ३२ वर थांबली आणि पुन्हा वाढू लागली. तेव्हा कळलं, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, सोलापूर ७६ च्या आसपास. इथे सूर्य उशिरा माथ्यावर येतो. मग वहीत काठी आणि सावलीचा त्रिकोण काढून कोनमापक लावला. दिवस विषुवाचा, म्हणून काठीच्या टोकाचा कोन हाच अक्षांश : साडेसतराच्या थोडा वर. बाराची सावली धरली असती तर साडेएकोणीस आले असते, म्हणजे सोलापूर थेट जालन्याजवळ!"

(उन्हात उभं केल्याबद्दल काहींच्या आयांनी तक्रार केली होती, तेही कुणीतरी लिहा.)

पत्र हातानेच लिहा, एका पानात. शनिवारपर्यंत वर्गप्रतिनिधीकडे द्या. पुण्या-मुंबईच्यांनी फोटो पाठवला तरी चालेल, छापून घेऊ.