विषय: पीएफ पासबुकातले गायब झालेले तीन महिने आणि तुमच्या ग्राहक सेवेची मुक्ताफळं

प्रति,
व्यवस्थापक, पेरोल सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी तुमच्या प्रतिनिधीशी झालेल्या बोलण्यानंतर फोनवर काही मिळेल ही आशा मी सोडली आहे, म्हणून लेखी देते आहे.

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपचा पगार आणि पीएफ तुम्ही सांभाळता. दर महिन्याच्या ७ तारखेला सगळ्यांच्या वर्गणीची रक्कम तुमच्या खात्यात जाते, पुढची ईसीआर फाईल आणि चलन तुमचं काम. आमच्याकडे गणेश नावाचे दोघे होते, आडनावही एकच. पॅकिंगमधला गणेश जून २०२४ अखेर काम सोडून गेला. सीएनसीवरचा गणेश कुठेही गेलेला नाही, आत्ताही मशीनवर उभा आहे. तुम्ही मात्र नोकरी सोडल्याची तारीख या दुसऱ्याच्या यूएएनवर टाकली. पॅकिंगमधला गणेश गेला, असं मी तेव्हा ईमेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, त्याच्या यूएएनसकट.

याचा परिणाम काय होतो ते तुम्हाला सांगायची गरज नसावी. ३० जूनला बाहेर पडलेला माणूस जुलैच्या ईसीआरमध्ये घातला की पोर्टल ती ओळ नाकारतं. अशा वेळी विचारायचं असतं की हा माणूस गेला कसा. तुमच्या माणसाने ओळच काढून टाकली आणि फाईल पास करून घेतली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिने हेच. पगारपत्रकात वर्गणी कापलेली, तुमच्या मासिक अहवालात २४ माणसं, आणि आता मागून घेतलेल्या चलनांवर २३. ऑक्टोबरला कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, पण चूक दुरुस्त न करता त्याच यूएएनखाली गणेशला नवीन मेंबर आयडी देऊन ‘नव्याने रुजू’ दाखवलं. म्हणून त्याच्या पासबुकात आज आमच्याच आस्थापनेचे दोन आयडी दिसतात: एक जूनच्या पगारापर्यंत, दुसरा ऑक्टोबरच्या पगारापासून. मधे खिंडार.

आता फोनबद्दल. गणेशने घराच्या दुरुस्तीसाठी पैसे काढायचे म्हणून पासबुक उघडलं आणि खिंडार पाहून त्याने आधी तुम्हालाच फोन लावला. त्याला उत्तर मिळालं, “मालकीणबाईंनी पैसे दिले नसतील.” चौकशी नाही, यूएएन विचारणं नाही. चौदा वर्षं माझ्याकडे असलेला माणूस केबिनच्या दारात उभा राहून, नजर चुकवत, “ताई, पीएफ भरला नव्हता का?” असं विचारतो. हे तुमच्यामुळे.

मग मी फोन केला. मला जे ऐकवलं गेलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते वरपर्यंत पोहोचलं पाहिजे.

“मॅडम, जुलै आहे ना. ही बघा एंट्री, `Cont. For Due-Month 072024`.”

मी म्हटलं, त्याच ओळीत पगाराच्या महिन्याचा रकाना वाचा. तिथे जून आहे. जूनच्या पगाराची वर्गणी १५ जुलैपर्यंत भरायची असते, म्हणून देय महिना जुलै. जुलैच्या पगाराची ओळ `082024` अशी असते. ती नाही, `092024` नाही, `102024` नाही. एकदम `112024` येते, तीही दुसऱ्या आयडीवर.

थोडा वेळ शांतता. मग, “सर्व्हर अपडेट व्हायला वेळ लागतो मॅडम.”

सर्व्हर मधलेच तीन महिने तेवढे गिळून पुढचे बरोबर दाखवतो का? आणि ३१ मार्च २०२५ पर्यंतचं व्याजही जमा झालंय. त्यावर साहेबांनी कमालच केली: “व्याज आलंय म्हणजे खातं क्लिअर आहे. आणि तसंही तुमचा कंपनीचा वाटा कमीच दिसतोय, २४०० च्या जागी ११५०. ते आधी बघून घ्या.”

हे पेरोल कंपनीच्या तोंडून! गणेशचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० आहे. त्याचा १२ टक्के वाटा २४००, आमचाही २४००. आमच्यातले १२५० पेन्शनच्या रकान्यात जातात, कारण पेन्शनसाठी १५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के धरतात. उरलेले ११५० कंपनीच्या वाट्यात दिसतात. तिन्ही रकाने एकाच ओळीत शेजारी शेजारी आहेत. बेरीज करायला इंजिनिअर लागत नाही.

व्याजाचंही ऐका. पेन्शनच्या रकान्यावर व्याज मिळत नाही, म्हणून दरमहा व्याजाला धरायची रक्कम २४०० अधिक ११५०, म्हणजे ३५५०. महिन्यात जमा झालेल्या पैशाला व्याज पुढच्या महिन्यापासून लागतं. जुलैची वर्गणी ऑगस्टमध्ये जमा झाली असती तर मार्चपर्यंत सात महिने मिळाले असते, ऑगस्टच्या वर्गणीला सहा, सप्टेंबरच्या वर्गणीला पाच. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के. हिशेब केला तर गणेशचं त्या एका वर्षाचं व्याज साधारण ४३९ रुपयांनी कमी आलंय. रक्कम लहान आहे, पण व्याज आलं म्हणजे खातं पूर्ण, हे तुमचं तर्कशास्त्र तिथेच कोसळतं. व्याज आहे त्या शिलकेवर लागतं. नसलेल्या महिन्यांची त्याला खबर नसते.

मूळ रक्कम म्हणाल तर दोन्ही वाटे मिळून दरमहा ४८००, तीन महिन्यांचे १४,४००. हे पैसे आम्ही तुम्हाला दिलेत. बँकेचे उतारे सोबत जोडले आहेत. ते सरकारकडे गेलेले नाहीत. मग ते कुठे आहेत? “मालकीणबाईंनी पैसे दिले नसतील” म्हणणाऱ्याला हेच विचारा.

मला हवं आहे ते असं. त्या तीन महिन्यांची राहिलेली ईसीआर भरून चलन करा. त्यावर कलम ७क्यू खालचं १२ टक्के व्याज आणि १४बी खालची दरमहा १ टक्क्याची नुकसानभरपाई लागेल. ती तुमच्या खिशातून. ही रक्कम गणेशच्या खात्यात येत नाही, म्हणून त्याचं बुडालेलं व्याज वेगळं द्या. जुन्या आयडीवरची चुकीची तारीख संयुक्त घोषणापत्राने काढून घ्यायची आहे. माझी आणि गणेशची सही तयार आहे, कागद तुम्ही करा. नाहीतर त्याच्या पेन्शनच्या सेवेत तुटलेला काळ तसाच राहील. आणि गणेशला फोन करून माफी मागा. त्याला, मला नाही.

पीएफ कार्यालयाच्या नजरेत जबाबदार मी आहे, कारण आस्थापना कोड माझा आहे. नोटीस माझ्या दारात येणार, तुमच्या नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे आणि म्हणूनच तुम्ही निवांत आहात. तर ऐका: या महिन्याचं तुमचं सेवाशुल्क मी थांबवलं आहे. पंधरा दिवसांत तिन्ही महिन्यांची चलनं आणि गणेशचं नाव असलेली ईसीआर हातात आली नाहीत तर वकिलाची नोटीस जाईल आणि घेतलेले पैसे न भरल्याची तक्रार पोलिसांत देईन. बाकीच्या २३ जणांची पासबुकं मी या आठवड्यात एकेक उघडायला लावली आहेत. तिथेही काही निघालं तर पुढचं पत्र असं सौम्य नसेल. एवढी वर्षं तुमचं नाव आजूबाजूच्या चार वर्कशॉपवाल्यांना मीच सुचवलं होतं. त्यांनाही पासबुकं तपासायला सांगितलं आहे.

उत्तर लेखी द्या. सर्व्हरचं कारण पुन्हा ऐकायचं नाही.

आपली,
संचालिका, भोसरी, पुणे

सोबत: जुलै ते सप्टेंबर २०२४ ची पगारपत्रकं, बँकेचे उतारे, तिन्ही चलनं, दोन्ही आयडींची पासबुकं, जून २०२४ चा ईमेल